मदत हवी आहे: थर्ड सेम मॅथ्सचा बॅक, गुरुवारी पेपर, कुठलं मॉड्यूल सोडू?

खानापूरची_लेक (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार. माझा इंजिनिअरिंगच्या थर्ड सेमचा मॅथ्स बॅक राहिलाय. २०२१ ची स्कीम. गुरुवारी सकाळी पेपर आहे, म्हणजे हातात सोमवार, मंगळवार, बुधवार एवढेच दिवस. त्यातही बुधवारी दुपारनंतर बेळगावला मावशीकडे जायचं आहे, कारण सकाळच्या बसचा भरवसा नाही. इंटर्नल ३१ आहेत, त्याची काळजी नाही.

मी जुने सहा पेपर घेऊन कुठला टॉपिक किती मार्कांना आला ते वहीत मांडलं. वेटेज एकदम वेडंवाकडं आहे. रुंगे-कुट्टा आणि मिल्ने पानोपानी दिसतात. पीडीई मात्र शेवटच्या दोनच पेपरांत आहे. म्हणून चौथं मॉड्यूल, म्हणजे पीडीईचं न्यूमेरिकल, पूर्ण सोडायचं ठरवायलेय. कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्सला मी कधी हातच लावलेला नाही, तेही सोडावं असं वाटतंय. लाप्लास बऱ्यापैकी येतं, फूरिये सीरीज अर्धी येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, त्यामुळे नवीन टॉपिक पुस्तकातून एकटीनं वाचायला मला वेळ लागतो. हे बरोबर आहे का, कुणीतरी सांगा. पुन्हा बॅक राहिला तर घरी सांगायचं धैर्य नाही.

निपाणीकर_दादा (रविवार, रात्री १०.०५)

घाबरू नकोस. मी २०१० च्या स्कीमचा. आठ युनिट असायचे, पाच प्रश्न लिहायचे, पार्ट ए मधून किमान दोन आणि पार्ट बी मधून किमान दोन. आम्ही दोन युनिट डोळे झाकून सोडायचो, तरी पूर्ण शंभरचा पेपर लिहिता यायचा. जास्त वेटेजचं पक्कं कर आणि कमी वेटेजचं सोड. तू ठरवलंयस ते बरोबर आहे. फक्त जे ठेवलंयस त्यातले सोडवलेले प्रश्न हातानं लिहून काढ, नुसतं वाचून गणित येत नाही.

चिकोडीहून_आई (रविवार, रात्री १०.३०)

माझ्या मुलाचं सेकंड पीयूसी आहे, त्याचंही मॅथ्सच. त्याच्या सरांनी सांगितलं की बोर्डाचा ब्लूप्रिंट असतो, त्यात प्रत्येक धड्याचे मार्क ठरलेले असतात आणि इंटिग्रेशनला सगळ्यात जास्त. तुमच्याकडेही ब्लूप्रिंट मिळत असेल तर तोच बघ ना बाळा. आमच्याकडे लिनिअर प्रोग्रामिंग एका संध्याकाळी झालं त्याचं. तुझ्या कॉलेजच्या सरांना फोन करून विचारलंस का?

टिळकवाडी_क्लास (रविवार, रात्री ११.१५)

खानापूरची, वही उघड आणि ते सहा पेपर वेगळे कर. त्यातले चार २०१८ च्या स्कीमचे असणार आणि दोनच तुझ्या स्कीमचे. जुन्या स्कीममध्ये चौथं मॉड्यूल फर्स्ट ऑर्डर ओडीईचं होतं: टेलर, मॉडिफाइड ऑयलर, रुंगे-कुट्टा, मिल्ने, ॲडम्स-बॅशफोर्थ. पाचव्यात पुन्हा सेकंड ऑर्डरला रुंगे-कुट्टा आणि मिल्ने. म्हणून तुला ते पानोपानी दिसले. तुझ्या स्कीममध्ये ते चौथं मॉड्यूल गेलं आणि त्याच्या जागी पीडीई आलं. आता रुंगे-कुट्टा-मिल्ने फक्त पाचव्यात, साधारण सात मार्कांचा एक उपप्रश्न. पीडीई मात्र पूर्ण वीस. तू वीस सोडून सात पाठ करायला निघाली होतीस.

निपाणीकर, तुमचं त्या काळासाठी अगदी बरोबर होतं. आता पाच मॉड्यूल आहेत, प्रत्येकावर दोन पूर्ण प्रश्न आणि त्यातला एक लिहायचाच. एक मॉड्यूल सोडलं की वीस मार्क थेट गेले, भरून काढायला दुसरी जागा नाही. चिकोडीच्या ताई, इथे पीयूसीसारखा ब्लूप्रिंट लागत नाही, कारण मॉड्यूलची वाटणी पेपरच्या रचनेतच समान आहे. उंचसखल आहे ती मॉड्यूलच्या आत.

आता हिशोब. पेपर शंभरचा, नंतर पन्नासवर आणतात, त्यात किमान अठरा लागतात. म्हणजे पेपरात ३६ धर. इंटर्नल ३१ असल्यामुळे एकूण चाळीसची अट आपोआप सुटते. दोन मॉड्यूल सोडलीस तर साठातून ३६ काढायचे, आणि फूरिये सीरीज अर्धीच येते म्हणतेस. हे मला धोक्याचं वाटतं. पाचही मॉड्यूलमधलं थोडं थोडं सोडलंस तर तेच ३६ बरेच जवळ येतात.

काय सोडायचं ते असं ठरव. टॉपिक किती वेळा आला ते मोजू नकोस. तो सोडला तर दोन प्रश्नांपैकी जो आपल्याला जास्त येतो, त्यातले किती जातात ते मोज. तिसऱ्या मॉड्यूलचं उदाहरण घे. समज एका प्रश्नात फूरिये ट्रान्सफॉर्म ६, कोसाइन ट्रान्सफॉर्म ७ आणि झेड वापरून डिफरन्स इक्वेशन ७. दुसऱ्यात साइन ट्रान्सफॉर्म ६, झेड ट्रान्सफॉर्म ७, इन्व्हर्स झेड ७. तुझ्या पद्धतीनं मोजलं तर झेड २१ मार्कांचं, मोठं दिसतं. पण झेड पूर्ण सोडलं तर पहिल्या प्रश्नात १३ उरतात, दुसऱ्यात ६. तू पहिला लिहिणार, म्हणजे नुकसान फक्त सात. उलट फूरिये सोडून झेड केलंस तर दुसऱ्या प्रश्नात १४ मिळतात, नुकसान सहा. जवळजवळ सारखंच. मग जे लवकर येईल ते ठेवायचं. तुला लाप्लास येतं म्हणजे पार्शियल फ्रॅक्शन हाताखालून गेलेत, आणि इन्व्हर्स झेडला तेच लागतात. मी तुझ्या जागी झेड ठेवीन.

एक मात्र ध्यानात ठेव. एका प्रश्नातला ए आणि दुसऱ्यातला बी असं जोडून चालत नाही. म्हणून येणारे उपप्रश्न दोन्हीकडे विखुरलेले असले तर बेरीज मोठी दिसते आणि हातात थोडंच पडतं. बाकीच्या मॉड्यूलना हीच रीत लाव, पण फक्त तुझ्या स्कीमच्या पेपरांवर.

खानापूरची_लेक (सोमवार, सकाळी ६.५०)

सर, पेपर वेगळे केले. खरंच चार जुन्या स्कीमचे निघाले. पेपरच्या कोपऱ्यातला सब्जेक्ट कोड मी बघितलाच नव्हता. पाचव्या मॉड्यूलला तुमची रीत लावली. दोन्ही प्रश्नांत न्यूमेरिकल ७ आणि व्हेरिएशन्स १३ आहे. म्हणजे मी जे सोडणार होते तेच जास्तीचं निघालं. पण पीडीई एका दिवसात होईल का? पुस्तकात त्याची पानंच्या पानं आहेत.

टिळकवाडी_क्लास (सोमवार, सकाळी ८.१०)

सगळं करायचं नाहीच. क्रँक-निकोल्सन सोड, प्रत्येक पायरीला समीकरणांचा संच सोडवावा लागतो आणि वेळ जातो. लाप्लास समीकरणाचा पाच बिंदूंचा फॉर्म्युलाही नऊ आतल्या बिंदूंचा आला की लांबतो, तो शेवटी बघ. हीट इक्वेशनची एक्स्प्लिसिट पद्धत आणि वेव्ह इक्वेशन एवढं आज दुपारी बस.

हीटचं एक करून दाखवतो. दोन्ही टोकं शून्य, सुरुवातीला u = x(4 − x), h = 1, c² = 1, k = 1/2. आधी λ = c²k/h² काढायचा, तो 1/2 आला. 1/2 आला की नवीन ओळीतला आकडा म्हणजे वरच्या ओळीतल्या डाव्या आणि उजव्या शेजाऱ्यांची सरासरी, बाकी काही नाही.

```
t=0    0  3     4    3     0
t=0.5  0  2     3    2     0
t=1    0  1.5   2    1.5   0
t=1.5  0  1     1.5  1     0
t=2    0  0.75  1    0.75  0
```

डावी-उजवी बाजू सारखी आहे, म्हणून अर्धेच आकडे काढावे लागतात. दहा मिनिटांचं काम. मुलं चुकतात ती λ न काढता थेट सरासरी घेतात तेव्हा. प्रश्नात h आणि k दोन्ही दिले असतील आणि λ = 1/4 आला, तर सरासरी चालत नाही, पूर्ण सूत्र लागतं: λ गुणिले डावा, अधिक (1 − 2λ) गुणिले त्याच जागेचा वरचा, अधिक λ गुणिले उजवा. λ अर्ध्याहून मोठा आला तर आकडे वर-खाली उड्या मारायला लागतात. तसं दिसलं की आधी c² तपास, बहुतेक समीकरणातून तोच चुकीचा वाचलेला असतो.

शहापूरचा_अमोघ (सोमवार, दुपारी १.२०)

मी याच स्कीमचा, गेल्या खेपेला काढला हा पेपर. सरांच्या रीतीनं व्हेरिएशन्स ठेवायचं निघतं, त्याच्याशी मी सहमत नाही. व्हेरिएशन्स सोपं म्हणतात सगळे, पण ऑयलर लावल्यावर पुढे डिफरन्शियल इक्वेशन सोडवावं लागतं. f = y² + y'² + 2ye^x घे, y'' − y = e^x येतं. उजवीकडचा e^x डाव्या बाजूच्या सोल्यूशनमध्ये आधीच आहे, म्हणून पर्टिक्युलर इंटिग्रल xe^x/2 येतो. फर्स्ट सेमचं हे विसरलेलं असेल तर तिथंच अडकायला होतं. मी त्यापेक्षा रुंगे-कुट्टा केला होता. k आणि l चे चार-चार आकडे, पण कॅल्क्युलेटरवर हात बसला की सात मार्क हमखास.

टिळकवाडी_क्लास (सोमवार, दुपारी २.००)

अमोघ, मुद्दा बरोबर आहे. पण ऑयलरच्या समीकरणाची सिद्धता आणि प्रतलावरची जिओडेसिक सरळ रेषा असते, या दोन्हीला तुझं पीआय लागत नाही. खानापूरची, आधी ही दोन कर. मग y'' − y = 0 स्वतः सोडवून बघ. दहा मिनिटांत सुटलं तर व्हेरिएशन्स पूर्ण कर, नाहीतर अमोघ म्हणतो तसं रुंगे-कुट्टाकडे वळ. मिल्ने मात्र नको. प्रेडिक्टरमध्ये एक आकडा चुकला की करेक्टरपर्यंत सगळं चुकीचंच जातं.

निपाणीकर_दादा (सोमवार, संध्याकाळी ७.१५)

स्कीम बदलल्याचं मला माहीत नव्हतं. माझ्या सल्ल्यानं पोरीचे वीस मार्क गेले असते, वाईट वाटलं. सर, तुमचे आभार.

खानापूरची_लेक (सोमवार, रात्री १०.२५)

हीटचे पाच प्रश्न केले. एकात λ 1/4 होता आणि मी आधी सरासरीच घेतली, मग तुमचं वाक्य आठवलं. y'' − y = 0 सुटलं, पण e^x वालं नाही सुटलं. उद्या सकाळी पीआय बघते. आता फूरिये सीरीजचा प्रश्न उरलाय. दोन्ही पेपरांत एका प्रश्नात हार्मोनिक ॲनालिसिस आहे, दुसऱ्यात हाफ रेंज. हार्मोनिकचा तक्ता करायला मला पाऊण तास लागला, आणि तरी b₁ चुकला. हाफ रेंजमध्ये इंटिग्रेशन अडतंय. तुमच्या रीतीनं दोन्हीकडे नुकसान सारखंच येतंय. यातलं कुठलं ठेवू?