शब्दचर्चा: ‘शिफ्ट’ म्हणजे सरकणे की फिरणे?

तंत्रनिकेतनवाली

नागपुरात डिप्लोमाच्या मुलांसाठी ८०८५ च्या प्रॅक्टिकलचं मॅन्युअल मराठीत करणं सुरू आहे. त्यात एक प्रयोग लिनिअर फीडबॅक शिफ्ट रजिस्टरचा आहे. आठ बिट एक घर उजवीकडे न्यायचे, बाहेर पडलेला बिट १ असेल तर उरलेल्यावर B8 चा एक्सॉर मारायचा, आणि जे येईल तो पुढचा आकडा. फाशाच्या खेळाला वगैरे चालतो.

माझ्या हाती आलेल्या जुन्या मसुद्यात पायरी अशी आहे: ‘अ‍ॅक्युम्युलेटर एक घर उजवीकडे फिरवा’. एका गटाने ते वाचून सरळ RRC टाकलं. किटच्या डिस्प्लेवर आकडे बदलत होते, म्हणून पोरं खूश. पण 3F च्या वर एकही आकडा येईना आणि ३१ आकड्यांनंतर तीच माळ परत सुरू. दुसऱ्या गटाने RAR घेतलं, त्यांचं बरोबर आलं.

तर दोन प्रश्न. ‘शिफ्ट’ला सरकणे म्हणावं की फिरणे? आणि ‘स्यूडो-रँडम’ला काय?

वऱ्हाडी गडी

रजिस्टरला नोंदवही म्हणतात ना ताई. आमच्या शाळेत शिफ्ट दोन होत्या, सकाळची अन् दुपारची, दोघींचे हजेरीपट वेगळे. ‘पाळीवार नोंदवही’ म्हणा, कोणालाही समजते.

तंत्रनिकेतनवाली

भाऊ, हे चिपमधलं रजिस्टर आहे, हजेरीचं नाही :)

जुना फर्मवेअरवाला

ताई, तुमच्या पहिल्या गटाचं काय झालं ते आधी पाहू, शब्द त्यातूनच निघेल.

RAR मध्ये बिट कॅरीतून जातात. आधी कॅरी शून्य केली की डावीकडून शून्य आत येतं आणि उजवीकडचा बिट कॅरीत पडतो. हे खरं सरकणं. RRC मध्ये उजवीकडून पडलेला बिट कॅरीत तर जातोच, शिवाय वळसा घालून सर्वांत वरच्या घरात येऊन बसतो. हे फिरणं.

आता पडलेला बिट १ आहे असं धरा. RRC ने वरच्या घरात १ आला. B8 चाही वरचा बिट १ च आहे, एक्सॉर झाला की तिथे शून्य. पडलेला बिट शून्य असेल तर वर शून्यच येतं. म्हणजे काहीही झालं तरी वरचं घर रिकामं. पुढच्या पायरीला त्याच्या खालचंही रिकामं, कारण B8 मध्ये त्या जागी शून्य आहे. आठ बिटांचं रजिस्टर दोन पायऱ्यांत सहा बिटांचं होऊन बसलं, म्हणून 3F ची मर्यादा. उरलेल्या सहांची टॅपची जुळणी पूर्ण लांबीची नाही, त्यामुळे ६३ ऐवजी ३१ वरच फेरा संपतो.

खात्री करायची तर त्या गटाला सुरुवातीला 2F भरायला सांगा. RRC वाल्या प्रोग्रॅममध्ये 2F चं पुन्हा 2F च येईल, डिस्प्ले हलणारच नाही. बरोबर प्रोग्रॅम असा:

```
RAND: LDA  SEED
      ORA  A
      RAR
      JNC  OK
      XRI  0B8H
OK:   STA  SEED
      RET
```

ORA A फक्त कॅरी पुसायला आहे. ते गाळलं तरी नुसत्या फेऱ्यात चालेल, कारण प्रत्येक खेपेच्या शेवटी कॅरी आपोआप शून्यच उरते. मग एक दिवस कोणी मध्ये बेरीज करतो, उरलेली कॅरी वरून आत शिरते आणि माळ भलत्याच जागी उडी मारते. असला दोष शोधायला जीव जातो, तेव्हा ओळ ठेवाच.

सुरुवातीला 01 भरलं तर B8, 5C, 2E, 17, B3, E1, C8 असे आकडे यायला हवेत. एवढे मॅन्युअलमध्ये छापून टाका.

माझं मत: सरकणे. ‘सरकते रजिस्टर’.

सोनेगावकर

माफ करा, पण ८०८५ मध्ये सरकवायची सूचनाच नाही. RLC, RRC, RAL, RAR, चारही फिरवण्याच्याच. RAR चं पूर्ण नावसुद्धा रोटेटच. मग ‘सरकवा’ लिहिलं तर पोरगं तशी सूचना शोधत बसेल! ‘फिरते रजिस्टर’च बरोबर. शिवाय RRC ने पण काम होते. B8 च्या जागी 38 टाका, झालं. ORA A ची ओळ पण वाचते. सगळे २५६ आकडे येतात.

जुना फर्मवेअरवाला

38 चं एकदम खरं. वळसा घालून आलेला १ म्हणजेच B8 चा वरचा बिट, तो फुकटात मिळाला, उरले 38. प्रोग्रॅम एका बाइटने लहान होतो आणि आकडे तेच येतात.

पण आकडे २५५, २५६ नाही. शून्याचं सरकून शून्यच होतं, एक्सॉरची वेळच येत नाही. SEED मध्ये चुकून 00 राहिलं तर प्रोग्रॅम जन्मभर शून्य देत बसेल. किट चालू केल्यावर रॅममध्ये काय असेल याचा नेम नाही, म्हणून पहिल्यांदा 01 भरायची पायरी मॅन्युअलमध्ये हवीच.

सूचनेचं नाव काही का असेना, रजिस्टर काय करतं त्यावरून त्याचं नाव ठरावं. नुसतं फिरवलं तर आठ पायऱ्यांत जिथून निघालो तिथेच परत, त्यात नवीन काही निघत नाही.

बर्डीचा सोल्डरवाला

मी हे गणपतीच्या मखराला केलं होतं जी, लुकलुकत्या दिव्यांसाठी. प्रोग्रॅम नाही, नुसत्या चिपा. सीताबर्डीवरून 74HC164, एक 74HC86 आणि 555 आणला. 164 च्या पिन 13, 11, 10 आणि 6 हे चार टॅप. त्यांचा एक्सॉर करून इनपुटला दिला, पिन 1 आणि 2 एकत्र जोडून. पिन 9 ला रेझिस्टर-कपॅसिटर लावला, चालू करताना रिसेट व्हावा म्हणून. चालू केलं तर सगळे दिवे बंद. 555 टिकटिक करून राहिला, दिवे मेलेले. इनपुट गेटपासून सोडवून पाच व्होल्टला क्षणभर टेकवलं आणि परत जोडलं की मस्त चालायचं.

मग एकाने सांगितलं, 86 मध्ये चार गेट असतात, तुझे तीन वापरले गेले, चौथा काहून रिकामा ठेवला? त्याचं एक टोक पाच व्होल्टला बांध आणि इनपुटकडे जाणारा बिट त्यातून उलटा करून ने. तसं केलं आणि रिसेटनंतर आपोआप सुरू झालं. शब्दाचं विचाराल तर आम्ही दुकानात ‘शिफ्ट रजिस्टर’च मागतो.

जुना फर्मवेअरवाला

ज्याने सांगितलं त्याला चहा पाजा. उलटा केल्यामुळे शून्याची जागा चालती झाली आणि अडकायची जागा सगळे १ ची झाली. रिसेट नेहमी शून्यावर आणतो, त्यामुळे तिकडे जायचा प्रश्न येत नाही. जोडणी बरोबर आहे का हे पाहायला 555 अगदी हळू चालवा: पहिले चार दिवे एकामागून एक लागतात, पाचव्या ठोक्याला पहिला विझतो, सहाव्याला परत लागतो. तसं नसेल तर एखादा टॅप शेजारच्या पिनवर गेला आहे.

ताई, मॅन्युअलमध्ये दोन्ही प्रयोग ठेवणार असाल तर एक सांगून ठेवतो. दिव्यांवरचे आकडे आणि किटवरचे आकडे जुळणार नाहीत, आणि मुलं भांडत येतील. चिपमध्ये मधल्या घरांत हात घालता येत नाही, म्हणून चार टॅप बाहेर काढून एकच बिट मागे देतात. प्रोग्रॅममध्ये उलट, एका XRI ने चारही घरांत एकदम बदल होतो. फेरा दोन्हींचा २५५ चाच, क्रम वेगळा.

गणिताची मास्तरीण

‘लिनिअर’बद्दल कोणीच बोललं नाही. शालेय पुस्तकात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आहेत, म्हणून ‘रेषीय’च. आपल्या नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे पुष्कळ जण ‘रैखिक’ लिहितात, ते टाळा. इथे रेषा कुठेच नाही हे मात्र मुलांना सांगा. एक्सॉर म्हणजे हातचा न घेता केलेली बेरीज, आणि नवा बिट म्हणजे जुन्या बिटांची अशी बेरीज, एवढाच अर्थ. त्या हिशेबाने सोल्डरवाल्या भाऊंचं उलटा बिट घातलेलं यंत्र काटेकोरपणे रेषीय नाही, बेरजेत वरून एक १ मिळवलेला आहे. पण नाव कोणी बदलत नाही.

या रेषीयपणाची किंमतही आहे. टॅप कुठे आहेत हे ठाऊक नसलं तरी बाहेर पडलेले सलग १६ बिट हाती आले की आठ बिटांचं असं रजिस्टर पूर्ण उलगडता येतं. बर्लेकॅम्प-मॅसी नावाची रीतच आहे त्यासाठी. फाशाला ठीक, कुलपाला नाही.

सोनेगावकर

मग याला ‘यादृच्छिक’ म्हणायचं तरी कशाला? 5C, 2E, 17 पाहा ना, दर आकडा आधीच्याच्या निम्मा. लहान पोरगं ओळखेल.

जुना फर्मवेअरवाला

ते पाहणाऱ्याने लागोपाठ बाइट घेतले म्हणून. आठ वेळा RAND बोलवा आणि मग एक बाइट घ्या, म्हणजे जुने आठही बिट बाहेर पडलेले असतील. ८ आणि २५५ यांना सामाईक अवयव नाही, त्यामुळे असं टप्प्याटप्प्याने घेऊनही सगळे २५५ आकडे मिळतात.

अकोल्याची

‘स्यूडो’ला ‘छद्म’ नको वाटतं. छद्म म्हटलं की कपट आलं, आणि हे बिचारं यंत्र कोणाला फसवत नाही. ‘भासयादृच्छिक’ कसं वाटतं?

वऱ्हाडी गडी

‘बेहिशेबी आकडे’ म्हणा ना सोपं!

गणिताची मास्तरीण

बेहिशेबी म्हटलं की मालमत्ता आणि धाड आठवते हो. शिवाय हे आकडे पक्के हिशेबी आहेत, गोम तीच आहे. मला ‘छद्म-यादृच्छिक’ चालतं. कपट नसलं तरी सोंग आहेच की.

अकोल्याची

सोंगाला ‘भास’ पुरतो.

तंत्रनिकेतनवाली

मॅन्युअलात ‘रेषीय फीडबॅक सरकते रजिस्टर’ लिहिते. फीडबॅकला ‘प्रत्याभरण’ लिहिलं तर मुलं पान उलटतील. पायरी आता अशी: ‘कॅरी पुसा, मग RAR ने एक घर उजवीकडे सरकवा’, शेजारी सूचनेचं नाव, म्हणजे सोनेगावकरांची शंकाही मिटली. RRC आणि 38 चा प्रश्न तोंडी परीक्षेला ठेवते. छद्म की भास, त्यावर अजून मतं येऊ द्या, छपाईला वेळ आहे.

सोनेगावकर

तोंडी परीक्षेला 2F पण विचारा.