दुप्पट करत जाण्याचा हिशोब

"रूलेटमध्ये लालवर पैज लावायची, हरलो की पुढची पैज दुप्पट लावायची. कधीतरी लाल येणारच ना, मग तोटा कसा होईल?"

लाल येईल हो, पण तोवर पैसे पुरायला हवेत, शिवाय टेबलाची कमाल मर्यादा आड येतेच. एकच शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर घरं ३७ आणि त्यांतली लाल १८. म्हणून लालवर लावलेल्या प्रत्येक १०० मागे सरासरी २.७ जातात. पैज लहान असो की दुप्पट, हा दर बदलत नाही.

आता सहा पैजांची मालिका धरा: १, २, ४, ८, १६, ३२. कुठेही जिंकलात की निव्वळ १ मिळतो. सहाही हरलात तर ६३ जातात. १०,००० मालिकांत सरासरी १८३ पूर्ण बुडतात. म्हणजे ९,८१७ मिळतात आणि ११,५२९ जातात. पण जवळपास प्रत्येक मालिका जिंकल्यामुळे पद्धत चालतेय असंच वाटत राहतं, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.