[मंडळ-यादी] आंबा उघडत नाही, पुन्हा नोंदणीच येते

सुहास (सध्या विजयदुर्ग)

मंडळी,

मंडळाच्या साइटवरचं आंबा बुकिंगचं पान परत सभासद-नोंदणीच्या पानावर जातंय. परवाच्या बैठकीत "झालं, सुटलं" असं ऐकलं होतं. माझ्या फोनवर नोंदणी, आईच्या फोनवर नोंदणी, लॅपटॉपवरही नोंदणी. पडेलच्या काकांनी पहिली तोड अढीत घातली आहे, चाळीसेक पेट्या भरतील. शनिवारी गाडी निघते. त्याआधी कोणाला किती डझनी हवी ते कळलं नाही तर माल सरळ वाशीला जाईल, आणि मग यादीवर "आम्हाला कळवलं नाही" सुरू होईल. गेल्या वर्षीचं सगळ्यांना आठवत असेलच.

एक विचित्र गोष्ट. धाकट्या वहिनीने हे पान जन्मात उघडलं नव्हतं. तिच्या फोनवर पहिल्या फटक्यात आंबा उघडला! वायफाय आमचंच.

सुहास

---

प्रकाश

सुहास, तो नियम मी पाडव्याच्या आदल्या रात्री काढला. बैठकीत ठरलं होतं की बुकिंग सुरू होईपर्यंत आंब्यावर येणाऱ्यांना नोंदणीकडे पाठवायचं, म्हणून शिमग्यात घातला होता. आता सर्व्हरवर काही शिल्लक नाही, इथे माझ्याकडे व्यवस्थित उघडतंय. Ctrl+F5 मारा.

साइट मी 2019 पासून एकट्याने सांभाळतोय. काही अडलं तर आधी मला फोन करावा, यादीवर टाकण्याआधी. इतकीच विनंती.

---

अण्णा (गुहागर)

प्रकाश, रागावू नकोस रे. सर्व्हरचा दोष नाहीच, ही डीएनएसची, म्हणजे साइटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं त्या यादीची, भानगड आहे. बदल जगभर पसरायला 48 तास लागतात. मी बँकेत असताना नवीन शाखेची यंत्रणा सुरू झाली तेव्हा दोन दिवस जुन्याच शाखेचे आकडे दिसायचे. त्यात आपल्या किनाऱ्यावरचे टॉवर म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तरच दोन काड्या. मोबाईल कंपन्यासुद्धा जुनी पानं साठवून ठेवतात. दोन दिवस थांबा, आपोआप होईल.

बाय द वे, यंदा पालखीचे फोटो कोणी टाकले नाहीत.

---

मंदाताई (मालवण)

माका पण तसाच होता! विजेचा बिल भरूक गेलंय की पासवर्डाचा पान येता. भाच्याने सांगितलं पासवर्ड बदल, बदलला, तरी तेच. सुहास, तुझा पासवर्ड बरोबर आहे ना बघ.

आणि माझ्या दोन पेट्या लिहून ठेव, पान उघडो न उघडो. पाच डझनी. गेल्या खेपेसारखी चार डझनी पाठवू नकोस.

---

केदार

अण्णा, जुनं कुठेतरी साठलंय हे तुम्ही बरोबर ओळखलंत, फक्त जागा वेगळी आहे. डीएनएस असतं तर अख्खी साइटच जुन्या ठिकाणी गेली असती, एकटं आंब्याचं पान नव्हे. शिवाय त्याच वायफायवर वहिनींना बरोबर दिसतंय, म्हणजे टॉवरही सुटला. जुनं साठलंय ते सुहासच्या ब्राउझरमध्ये.

प्रकाशदादा, शिमग्यातला नियम असा होता ना?

```
Redirect 301 /amba /nondani
```

301 म्हणजे "कायमचं हलवलं". ब्राउझर ते शब्दशः खरं मानतो. मुदत लिहिलेली नसेल तर तो उत्तर आपल्या साठ्यात ठेवतो, आणि पुढच्या वेळी /amba म्हटलं की सर्व्हरला विचारायलाही जात नाही, घरच्या घरी नोंदणीकडे वळतो. तुम्ही नियम काढलात हे त्याला कळणार कसं? तो दारात येतच नाही. "इथला माणूस दुसरीकडे गेला" हे पोस्टमनने पाठ केलं तर माणूस परत आल्यावर दारावर लावलेल्या पाटीचा काय उपयोग, तसं.

म्हणूनच ज्यांनी शिमग्यात उत्साहाने पान उघडून पाहिलं तेच अडकलेत. वहिनी सुटल्या कारण त्या आल्याच नव्हत्या. आपल्याकडचे हौशी आणि दरवर्षीचे गिऱ्हाईक नेमके या जाळ्यात, हे वाईट.

सुहास, खात्री करायला /amba ऐवजी /amba?x=1 टाक. ब्राउझरच्या लेखी तो वेगळा पत्ता, त्याच्यासाठी साठ्यात काही नाही, त्यामुळे सर्व्हरकडे जावंच लागेल. लॅपटॉपवर F12 दाबून Network उघड, Preserve log वर खूण कर आणि मग साधा /amba टाक. पहिली ओळ दाबून Status Code समोर `301 Moved Permanently (from disk cache)` दिसलं तर चोर घरातलाच. पण Disable cache वर खूण असेल तर आधी काढ, नाहीतर तेवढ्या वेळापुरतं सगळं छान दिसेल आणि तू "सुटलं" म्हणशील.

---

सुहास

?x=1 ने आंबा उघडला. लॅपटॉपवर from disk cache दिसलं, अगदी तू म्हणालास तसंच. प्रकाशदादा, Ctrl+F5 चार वेळा मारलं होतं, काही झालं नाही, हेही सांगून ठेवतो.

आता आईला "एक्स इज इक्वल टू वन" टाकायला कसं सांगू?

---

प्रकाश

301 घातलं कारण गुगलसाठी तेच लागतं, हे मी कोर्समध्ये शिकलोय. 302 घातलं असतं तर उद्या कोणीतरी म्हणालं असतं की गुगलवर मंडळ दिसत नाही. आणि Ctrl+F5 सगळीकडे चालतं, तुमचं कीबोर्ड बघा.

---

केदार

दादा, पान खरंच कायमचं हलणार असेल तर 301 योग्यच. पण हे आठ-दहा दिवसांचं वळण होतं. तिथे 302, म्हणजे "तात्पुरतं हलवलं", हवं होतं. ते ब्राउझर आपण होऊन लक्षात ठेवत नाही, दर वेळी विचारतो. 301 च घालायचं असेल तर उत्तरासोबतच्या Cache-Control या ओळीत तासाभराची मुदत तरी द्यावी. अपाचे सर्व्हरवर ती `Header always set` ने द्या. always गाळलं तर वळणाच्या उत्तराला तो मजकूर लागतच नाही, आणि आपण समजतो की दिला.

Ctrl+F5 ची गंमत अशी, की सुहासने ते मारलं तेव्हा पत्त्याच्या पट्टीत /nondani आलेलं होतं. त्यामुळे ताजं झालं ते नोंदणीचं पान. /amba चं साठवलेलं वळण तसंच राहिलं. कीबोर्डाची चूक नाही.

आता उपाय. प्रत्येकाने सेटिंग्जमधून साठवलेल्या प्रतिमा आणि फायली पुसल्या की सुटतं, कुकीज पुसायची गरज नाही. पण दोनशे घरांना हे फोनवर कोण समजावणार? मी नाही.

अडकलेला ब्राउझर /amba साठी आपल्याकडे येत नाही, पण /nondani साठी येतो. औषध द्यायला तेवढीच एक जागा आहे. तिथूनच सगळ्यांना परत आंब्याकडे वळवता येणार नाही, कारण खऱ्या नवीन सभासदांना तेच पान हवंय. आणि कोण चुकून आलं, कोण मुद्दाम, हे सर्व्हरला ओळखता येत नाही. शिवाय /nondani वरून उलट /amba कडे वळवलं तर अडकलेला ब्राउझर साठ्यातून पुन्हा /nondani कडे येईल, आणि शेवटी "फार वेळा वळवलं" म्हणून हात टेकेल.

म्हणून दोन गोष्टी. नोंदणीच्या पानावर सगळ्यात वर ठळक दुवा, "आंबा बुकिंग इथे", आणि तो नव्याच पत्त्यावर, /hapus म्हणू. तो कोणाच्याच साठ्यात नाही. दुसरं, नोंदणीच्या उत्तरासोबत हे हेडर पाठवा, ते ब्राउझरला या साइटचा साठा पुसायला सांगतं:

```
Clear-Site-Data: "cache"
```

अवतरणचिन्हं त्या मजकुराचाच भाग आहेत, गाळलीत तर ब्राउझर दुर्लक्ष करतो. हे फक्त https वर चालतं, आणि सगळे ब्राउझर सारखं मानत नाहीत. म्हणून दुवा हवाच.

---

शिल्पा (खजिनदार)

थांबा थांबा. पेट्यांत घालायची कार्डं छापून झाली आहेत. त्यावरच्या क्यूआरमध्ये /amba आहे. आता /hapus काढलंत तर कार्डांचं काय? छपाईचे पैसे कोण देणार? आधी विचारायची पद्धत आहे की नाही?

---

केदार

कार्डं फुकट जात नाहीत, शिल्पाताई. /amba बंद करायचंच नाही, दोन्ही पत्ते आंबाच दाखवतील. कार्ड स्कॅन करणारा शिमग्यात आला नसेल तर थेट आंब्यावर जाईल. आला असेल तर नोंदणीवर जाईल आणि वरचा दुवा दाबेल.

---

प्रकाश

दुवा टाकला. हेडरही टाकलं, अवतरणचिन्हांसकट. 302 ची सूचना नोंदवून घेतली. "आधी फोन करावा" ही विनंती कायम.

---

सुहास

आईच्या फोनवर एकदा नोंदणी उघडली, मग /amba टाकलं, आणि आंबा आला. माझ्याही. प्रकाशदादा, आभार. काकांना बावीस पेट्यांचा निरोप दिलाय, बाकीच्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत भरा.

---

मंदाताई

माझ्याकडे अजून नोंदणीच येतंय. पाच वेळा बघितलं. गेल्या महिन्यात शिल्पाने कार्डाचा नमुना पाठवला होता, त्यावरचा चौकोन स्कॅन करते. पासवर्डही बदलून बघितला.

---

केदार

ताई, पासवर्ड राहू दे. शिल्पाताई, त्या क्यूआरमध्ये पत्ता www ने सुरू होतो का?

---

शिल्पा

हो. प्रकाशने दिला तसाच छापला.

---

केदार

मग तिथे अडलं. ब्राउझरच्या लेखी www वाली साइट वेगळी आणि बिनwww वाली वेगळी. मंदाताईंच्या फोनवर वळण www च्या साठ्यात बसलंय, तिथून बिनwww कडे जाणारं वळणही 301 च आहे, आणि औषध मिळतंय शेवटच्या बिनwww पानावर. ते आपल्याच अंगणातला कचरा झाडतं, शेजारचा नाही. www वर हेडर लावून फायदा नाही, तिथे त्यांचा फोन येतच नाही. ताई, नोंदणीच्या पानावर वरती "आंबा बुकिंग इथे" लिहिलंय, ते दाबा.

---

अण्णा

म्हणजे 48 तास थांबून होणार नाही?

---

केदार

नाही, अण्णा. ते साठ्यातून बाहेर पडेपर्यंत राहील, आणि केव्हा पडेल ते फोनमधल्या जागेवर.

---

शिल्पा

म्हणजे नमुना कार्ड ज्यांना पाठवलं ते सगळे असेच. पस्तीस जणांना पाठवलं होतं. कार्डावर नवीन क्यूआरची चिकटपट्टी लावायची का? सुहास, पडेलला पेट्या भरताना कोणी लावेल का? आणि त्याचा खर्च मी आंब्याच्या हिशेबात धरणार नाही, साइटच्या हिशेबात धरेन.

---

प्रकाश

साइटच्या हिशेबात का? www मी सांगितलं नव्हतं, मी नुसता पत्ता दिला होता. जुना मेल काढून बघा.

---

मंदाताई

दाबलं. आंबा आला! दोन पेट्या भरल्या, पाच डझनी. सुहास, आधी सांगितल्या होत्या त्याच या, चार करू नकोस.