तातडीची सूचना रांगेत पुढे घालायची, तर चालू घोषणा तोडायची का?

निखिल: एका बसस्थानकासाठी घोषणांचं सॉफ्टवेअर लिहितोय. एक घोषणा तीन भाषांत 40 सेकंद चालते, संध्याकाळी नऊ-नऊ तुंबतात. फलाट बदलला की ती सूचना सगळ्यांच्या आधी वाजायला हवी, पण बाकीच्यांच्या वेळा बिघडता कामा नयेत. मी `LPUSH`नं ती यादीच्या तोंडाशी टाकतो (वाजवणारा तिथूनच उचलतो) आणि उरलेल्या 40 सेकंद पुढे ढकलतो. चालेल ना?

मंजिरी: ढकलू नकोस. दिवसात 20 तातडीच्या आल्या तर रात्रीची घोषणा 13 मिनिटं उशिरा वाजेल, तोवर गाडी सुटलेली. वेळापत्रकाला हातच लावायचा नाही. 5:30ची घोषणा 5:30लाच रांगेत येऊ दे, आणि प्रत्येकीला ती कधीपर्यंत कामाची आहे ती वेळ लाव. पाळी येईतो वेळ टळली तर गाळून टाक.

मोठा घोळ `LPUSH`मध्ये आहे. आमच्याकडे एकदा "4 ऐवजी 6 वर" अशी सूचना टाकली आणि 20 सेकंदांत दुरुस्ती आली, "6 नाही, 2 वर". दोन्ही तोंडाशी गेल्या, म्हणून दुरुस्ती आधी वाजली आणि चुकीची नंतर. माणसं सामान घेऊन 6 वर धावली, गाडी 2 वर उभी. त्यानंतर आम्ही असं केलं:

```python
heappush(q, (0, next(seq), msg))
```

तातडीला 0, साध्याला 1, आणि आपापसात आल्या क्रमानं. शिवाय त्याच गाडीची नवी सूचना आली की जुनी रांगेतून काढायची.

सुहास: आमच्या दवाखान्यात हेच चालतं. तातडीचा पेशंट आत घेतला की बाहेरचे भांडायला उठतात.

मंजिरी: सुहास, ती माणसांची रांग. तिथला पेशंट कितीही थांबला तरी त्याला आत घ्यावंच लागतं. घोषणा मात्र शिळी होते.

देशपांडेकाका: मी चौकशी खिडकीवर बरीच वर्षं काढली. माईक उचलायचा आणि बोलायचं, एवढं पुरतं.

मंजिरी: काका, आगीसारख्या प्रसंगी माईकच हवा, मान्य. पण तुम्ही दोन मिनिटं बोलता तेव्हा मागे तीन घोषणा साठतात. माईक खाली ठेवल्यावर त्यातल्या कुठल्या गाळायच्या हे कोणी ठरवायचं?

निखिल: पण 0 दिला तरी वाजवणाऱ्यानं आधीच उचललेली घोषणा पूर्ण वाजते. ती तोडू का?

मंजिरी: तोड. वाजवणाऱ्याला एका वेळी एकच घोषणा दे, आणि तोडलेली तिच्याच जुन्या क्रमांकानं परत रांगेत टाक, म्हणजे ती पहिल्या शब्दापासून वाजेल.

देशपांडेकाका: अजिबात तोडू नका. "नाशिकला जाणारी गाडी फलाट क्रमांक..." इथं आवाज तुटला आणि पुढे दुसऱ्या गाडीचा आकडा आला, की लोक तोच धरून चालतात.

मंजिरी: मग मध्ये घंटा वाजवू. तरी गाडी सुटायला दोन मिनिटं असताना 40 सेकंद थांबणं मला पटत नाही.

देशपांडेकाका: गर्दीत घंटा ऐकू येत नाही हो. एक भाषा संपू द्या, मग तोडा.

निखिल: म्हणजे 13-14 सेकंद. आधी हे लावून बघतो.