शब्दचर्चा: 'यूटी पॉसिडेटिस'ला मराठीत काय म्हणावं? 'जैसे थे' चालेल का?

मुळाकाठ: आफ्रिकेतल्या सीमावादांवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 'यूटी पॉसिडेटिस' पानापानावर आहे. लॅटिनचा शब्दशः अर्थ 'जसं तुमच्या ताब्यात आहे तसं'. नवीन देश स्वतंत्र होतो तेव्हा साहेबाच्या काळातल्या हद्दी तशाच राहतात, असं ते तत्त्व. मी सरळ 'जैसे थे तत्त्व' असं लिहिलं. काल पहिला मसुदा एका वकील मैत्रिणीला दाखवला, तर ती म्हणाली, 'जैसे थे हा शिवाजीनगर कोर्टातला शब्द आहे, इथे वाचणाऱ्याची दिशाभूल होईल.' का ते मात्र तिला घाईत सांगता आलं नाही. कुणी सांगेल का?

नारायणपेठी: 'यथास्थिती' लिहा. संस्कृत आहे, भारदस्त आहे.

भोरकर: ताई, 'जैसे थे' अगदी बरोबर आहे. आमच्या बांधाच्या केसमध्ये कोर्टाने हेच दिलंय. शेजाऱ्याने दोन वर्षांत पाचेक फूट नांगरून घेतलं, आम्ही दावा लावला, तर 'निकाल लागेपर्यंत जैसे थे'. आता तो पाच फुटांत ज्वारी करतोय आणि आम्ही बघतोय. ज्याच्या ताब्यात त्याचं, असाच याचा अर्थ झाला की नाही? आणि बारा वर्षं गेली की ती जमीन त्याचीच होणार, हेही ऐकून आहे.

कायदावही: मुळाकाठताई, तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे, आणि भोरकरांच्या बांधावरूनच ते चांगलं कळेल. रोमन कायद्यात हा शब्द भोरकरांच्या अर्थानेच होता. जमिनीवरून दोघे भांडताहेत, मालक कोण ते नंतर ठरेल, तोवर ज्याच्या ताब्यात आहे त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा तो न्यायाधिकाऱ्याचा मनाई हुकूम होता. त्यातही ताबा बळजबरीने, चोरून किंवा मेहेरबानीवर मिळवलेला नसावा, अशी अट होती.

आंतरराष्ट्रीय कायद्यात आल्यावर शब्द तोच राहिला आणि अर्थ जवळजवळ उलटा झाला. तिथे आज कुणाची ज्वारी उभी आहे हे आधी बघत नाहीत. स्वातंत्र्याच्या दिवशी कागदावर हद्द कुठे होती, ते बघतात. म्हणजे लॅटिन म्हणतं 'ताबा' आणि न्यायालय विचारतं 'हक्काचा कागद'. 'जैसे थे' लिहिलं की वाचकाला ताबा आठवतो, म्हणून तो शब्द चुकवतो. 'यथास्थिती'चंही तेच.

आणि भोरकर, बारा वर्षांचं तुम्ही ऐकलंय ते पूर्ण खरं नाही. ताबा उघड, सलग आणि मालकाच्या हक्काविरुद्ध असावा लागतो. तुम्ही वेळेत दावा लावलाय हेच तुमचं बळ आहे. बाकीचं तुमच्या वकिलांना विचारा.

मुळाकाठ: सर, एखादं प्रकरण उलगडून सांगाल का? माझ्या लेखात बुर्किना फासो आणि मालीचा उल्लेख आहे, पण दोन ओळींतच उरकलाय.

कायदावही: शब्द ठरवायला तेच प्रकरण सगळ्यात उपयोगी. दोन्ही देश फ्रान्सच्या वसाहती. बुर्किना फासोचं जुनं नाव अप्पर व्होल्टा, मालीचं फ्रेंच सुदान. दोघे 1960 मध्ये स्वतंत्र झाले. साधारण 300 किलोमीटर हद्दीवर वाद होता. 1983 मध्ये दोघांनी करार करून तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेला, तरी 1985 च्या डिसेंबरात लढाई झालीच. पाच न्यायाधीशांच्या पीठाने 22 डिसेंबर 1986 ला निकाल दिला.

गुंता असा की अप्पर व्होल्टा ही वसाहत फ्रान्सने 1932 मध्ये मोडली आणि तिचे तुकडे शेजारच्या वसाहतींना वाटले. 1947 मध्ये ती पुन्हा उभी केली आणि कायद्यात लिहिलं की हद्दी 5 सप्टेंबर 1932 ला होत्या त्याच. म्हणून 1960 ची हद्द शोधायची तर 1932 पर्यंत मागे जावं लागत होतं. त्यात 1935 चा एक आदेश निघाला, गव्हर्नर जनरलचा. मोप्ती नावाच्या तालुक्यासारख्या विभागाची हद्द सांगताना त्यात गावांची नावं आहेत : योरो, द्यूलूना, उकूलू, अगूलूरू, कूबो. ही गावं मोप्तीकडे, म्हणजे आजच्या मालीकडे.

आता 1935 मध्ये अप्पर व्होल्टा अस्तित्वातच नव्हती. मग हा आदेश आधीची हद्द फक्त सांगत होता, की नवी आखत होता? नवी आखत असेल तर 1947 च्या कायद्याने ती पुसली गेली, असं बुर्किनाचं म्हणणं. जुनीच सांगत असेल तर मालीचा तो भक्कम पुरावा. सगळा वाद या एका क्रियापदावर आला. आदेशातून हद्द बदलण्याचा हेतू दिसत नाही असं न्यायालयाचं मत पडलं आणि गावं मालीकडे राहिली.

शंकूसाखळी: मी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होतो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मला एक विचारायचं आहे. आदेशात नुसतं गावाचं नाव असेल तर गाव म्हणजे काय? गावठाण, की शिवार? आमच्याकडे नवीन मुलांची पहिली चूक हीच. मुळशीत एकदा मोजणीला गेलो होतो. वाडी एका गावची, आणि वाडीवाल्यांची अर्धी खाचरं पलीकडच्या गावच्या नकाशात. म्हातारा खाचरात उभा राहून सांगत होता, 'आजा इथेच लावणी करायचा, मग हे आमचंच गाव.' मी नकाशा चटईवर पसरला, शिवेचा दगड दाखवला आणि म्हटलं, बाबा, जमीन तुमची असेल, गाव तुमचं नाही. तो तासभर दगडाजवळून हलला नाही.

कायदावही: काका, हेगला हाच प्रश्न आला होता! तिथल्या गावांच्या शेतवाड्या मूळ वस्तीपासून लांब असतात. त्या गावात धरायच्या की नाही यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ खल झाला. न्यायालयाने तुमच्या म्हाताऱ्याला दिलं तसंच उत्तर दिलं. एका वसाहतीतल्या गावचे लोक दुसऱ्या वसाहतीत जाऊन शेती करत असले, म्हणून दोघींमधली हद्द पुसट होत नाही.

मुळाकाठ: मग प्रत्यक्ष कारभाराला काहीच किंमत नाही? कर कुणी गोळा केला, जनगणना कुणी केली? लेखात त्यासाठी एक फ्रेंच शब्द आहे, 'एफेक्टिव्हिते'.

कायदावही: किंमत आहे, पण पायरीने. कागद आणि कारभार जुळत असतील तर कारभार नुसता दुजोरा देतो. जुळत नसतील तर कागदवाल्याचं पारडं जड. कागदच नसेल तर कारभार बघावाच लागतो. आणि कागद संदिग्ध असेल तर कारभारावरून कागदाचा अर्थ लावायचा. मी 'एफेक्टिव्हिते'ला 'वहिवाट' म्हणतो. फक्त ही वहिवाट वसाहतीच्या अधिकाऱ्यांची, स्वातंत्र्याआधीची. नंतर कुणी चौकी बांधली तर सहसा उपयोग होत नाही.

कागद नसल्याचं उदाहरण बेनिन आणि नायजरचं. नायजर नदीतल्या लेते बेटाचा निकाल 2005 मध्ये लागला. दोघांनाही पक्का कागद दाखवता आला नाही, मग वसाहतीच्या काळात बेटावर कारभार कुणाचा होता ते पाहिलं आणि बेट नायजरला गेलं.

भोरकर: म्हणजे माझा सातबारा बरा म्हणायचा.

शंकूसाखळी: भोरकर, सातबारा हद्द सांगत नाही, क्षेत्र सांगतो. हद्दीला गटाचा नकाशा आणि टिपण काढा. पाच फुटांचा वाद सातबाऱ्यावर सुटत नाही.

नारायणपेठी: मग नकाशावरच सगळं ठरवायचं ना? साहेबाचे नकाशे तर उत्तम असत.

कायदावही: नाही, आणि हे महत्त्वाचं आहे. नकाशा स्वतः हक्क देत नाही. एखाद्या आदेशाला किंवा करारालाच जोडलेला असेल तर तो त्या कागदाचा भाग होतो, नाहीतर नुसती माहिती. या प्रकरणात नकाशांचा ढीग होता आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. फ्रान्सच्या भूगोल संस्थेने 1958 ते 1960 मध्ये केलेला 1:2,00,000 चा नकाशा न्यायालयाने मानला, कारण ती संस्था दोन्ही बाजूंना तिऱ्हाईत होती. तोही मुख्यतः जिथे आदेश बोलत नव्हते तिथे.

सूम नावाचं एक पावसाळी तळं आहे, तिथे नीट कागद नव्हता आणि नकाशाही काही सांगत नव्हता. न्यायालयाने पावसात ते पसरतं तेवढं धरून त्याचे दोन सारखे भाग केले. मला हा भाग फार भावतो, कारण तिथे तत्त्व संपतं आणि ते न्यायालयाने लपवलं नाही.

नारायणपेठी: मग बेळगाव? तेही साहेबाच्याच मुंबई इलाख्यात होतं की! हे तत्त्व घेऊन महाराष्ट्राने उभं राहावं.

कायदावही: तळमळ कळते, माझं आजोळ निपाणीचं आहे. पण हे तत्त्व देश जन्माला येतो त्या वेळच्या बाह्य हद्दीसाठी आहे. एका देशातल्या राज्यांच्या हद्दी संसद अनुच्छेद 3 खाली बदलू शकते, 1956 ला तेच झालं. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आहे, तो राज्यघटनेच्या आधारावर. आणि हे तत्त्व लावलंच तर गोची बघा. ते भाषा विचारत नाही, लोकांना काय हवं ते विचारत नाही. आपला सगळा युक्तिवाद भाषा आणि लोकेच्छेचा आहे.

मुळाकाठ: हे वाचून अंगावर काटा आला. मग हे तत्त्व न्यायाचं कसं? 1964 ला कैरोत आफ्रिकी देशांनी आपण होऊन या हद्दी मान्य केल्या, असं लेखात आहे. माणसांच्या मधून गेलेल्या रेघा का मान्य करायच्या?

कायदावही: न्यायालयाने कारण दिलंय : नाहीतर वसाहतवाला गेल्यावर भाऊभाऊ हद्दींसाठी लढतील. स्वयंनिर्णयाशी याचा झगडा आहे, हेही तिथे मान्य केलंय. मला स्वतःला हे उत्तर अर्धंच पटतं. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा अंतर्गत प्रजासत्ताकांच्या हद्दीही अशाच धरल्या, आणि तिथे काय घडलं ते आपण पाहिलं.

शंकूसाखळी: शब्दाबद्दल माझं मत : 'वारसाहद्द'. वारसाने जमीन मिळते ती बापाच्या नावावर होती तेवढीच. त्यात ताबाही येत नाही आणि न्यायही येत नाही.

मुळाकाठ: 'वारसाहद्द' छान आहे काका. पण वसाहतवाल्याला बाप म्हणायचं?

नारायणपेठी: मी अजूनही 'यथास्थिती'वरच आहे.

कायदावही: 'वारसाहद्दीचं तत्त्व' मला चालेल. पहिल्यांदा येईल तिथे मूळ शब्द देवनागरीत लिहा आणि 'ताब्यावर नव्हे, कागदावर' एवढं एक वाक्य घाला. 'जैसे थे' मात्र नको.

शंकूसाखळी: अजून एक शंका. तिवड्याचं काय केलं? तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड तिसऱ्या गावचा पाटील हजर नसताना आम्ही कधी रोवत नसू. मालीची हद्द पूर्वेला नायजरला भिडते, आणि नायजर तर कोर्टात नव्हता.

कायदावही: अचूक बोट ठेवलंत काका. न्यायालय म्हणालं, आम्ही या दोघांमधली रेघ कुठे संपते तेवढंच सांगतोय, तिवडा ठरवत नाही, नायजरवर हे बंधनकारक नाही. आणि रेघही कागदावरच आखली. जमिनीवर खुणा रोवायला मदत म्हणून 1987 मध्ये तीन तज्ज्ञ नेमून दिले.

शंकूसाखळी: म्हणजे आखणी वेगळी आणि दगड रोवणं वेगळं. मुळाकाठताई, लेखात हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका. इंग्रजीतही वेगळेच असणार, तपासा.

मुळाकाठ: वेगळेच आहेत. मी दोन्हीकडे 'सीमांकन' लिहिलं होतं. 'हद्द आखणं' आणि 'खुणा रोवणं' करते. आणि काका, 'तिवडा' शब्द लेखात जसाच्या तसा वापरू का?

शंकूसाखळी: वापरा की. मुळशीकडे अजून तोच म्हणतात.