मदत हवी आहे: क्लाउड बंद पडलाय, फाटकावर कापसाच्या गाड्या उभ्या आहेत, स्टेटस पेजवर काय लिहू?

काटेकरी_हिंगणघाट | सकाळी 11:04

नमस्कार मंडळी. आम्ही जिनिंगवाल्यांना वजनकाट्याचं सॉफ्टवेअर देतो. हिंगणघाट, वणी, राळेगाव, पांढरकवडा या पट्ट्यातले ग्राहक आहेत. सकाळी 10:35 पासून क्लाउडवरचा डेटाबेस उत्तर देत नाहीये. काट्याचं वजन स्क्रीनवर दिसतं, कारण ते केबलने थेट कॉम्प्युटरात येतं. पण 'सेव्ह' दाबलं की नुसतं फिरत राहतं, पावती निघत नाही.

10:50 ला आमच्या नागपूर ऑफिसने पेजवर टाकलं, "तांत्रिक अडचणीमुळे सेवा विस्कळीत आहे, लवकरच पूर्ववत होईल." त्यानंतर फोन कमी व्हायच्या ऐवजी वाढले. पुढचा मजकूर 11:30 ला मी टाकायचा आहे. मसुदा असा:

"क्लाउड डेटाबेस क्लस्टरमधील बिघाडामुळे कनेक्शन टाइमआउट होत आहेत. अंदाजे दोन तासांत सेवा सुरू होईल. तोवर हाताने पावती करावी. पुढील माहिती अर्ध्या तासात."

यात काय बदलू? लवकर सांगा.

नेटवर्क_अमरावती | 11:09

दोन तास आधी काढून टाका. ते तुमच्या हातात नाही. आणि क्लाउडवाल्याचं स्वतःचं स्टेटस पेज बघा. तिथे हिरवं दिसत असेल तर लोचा तुमच्या सर्व्हरचा आहे. त्यांचं लाल झाल्याशिवाय ग्राहकांना काही लिहू नका.

रात्रपाळी | 11:14

दोन तासांचं बरोबर बोललात. पण हिरव्या रंगाची वाट बघायचं मला पटत नाही. 28 फेब्रुवारी 2017 ला ॲमेझॉनची एस-थ्री सेवा अमेरिकेच्या पूर्व भागात बंद पडली होती. त्यांचा स्टेटस डॅशबोर्डच त्या सेवेवर अवलंबून होता, त्यामुळे सुरुवातीला त्यांना त्यावर एकेका सेवेची स्थिती बदलताच आली नाही. लोकांना ट्विटरवर कळवावं लागलं. पुरवठादाराचं पेज मागे राहू शकतं. ग्राहकाला जे दिसतंय ते तुम्हाला दिसतंय ना, मग तेवढं लिहा. कारण नंतर कळलं तरी चालतं.

काटेकरी, आधी हे सांगा, तुमचं स्टेटस पेज त्याच क्लाउडवर आहे का?

काटेकरी_हिंगणघाट | 11:16

नाही, वेगळ्या ठिकाणी आहे. पेज उघडतंय.

रात्रपाळी | 11:21

मग ठीक. आता मसुद्याबद्दल.

क्लस्टर आणि टाइमआउट काट्यावरच्या माणसाच्या काही कामाचे नाहीत. त्याला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत, काय बंद आहे आणि काय चालू आहे. "वजन बरोबर दिसतंय, त्यावर विश्वास ठेवा" हे वाक्य तुमच्या मसुद्यात नाही, आणि माझ्या मते आज तेच सगळ्यात मोलाचं आहे. ते नसलं तर कोणी काट्यावरच शंका घेईल आणि खरेदी थांबवेल.

"अर्ध्या तासात" लिहू नका. तुमच्याकडे लोक पेज उघडून बघत नसतील, कोणीतरी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत असेल. तो पांढरकवड्याला पाऊण तासाने पोचला तर अर्धा तास कधीपासून मोजायचा? तारीख आणि घड्याळाची वेळ लिहा. आणि 12:15 लिहिलं तर नवीन काही नसलं तरी 12:15 ला "अजून बंदच आहे" एवढं टाकायचंच. ती वेळ चुकली की लोक परत फोनच करणार.

पेजवरची अवस्था `Investigating` च ठेवा. कारण पक्कं माहीत नसताना `Identified` करू नका.

सेवाकेंद्र_धानोरा | 11:23

आमच्याकडे पण सकाळपासून काहीच चालून नाही राहिलं जी. सातबारा काढायला माणसं बसून आहेत. टॉवरच गेला वाटते. तुमचं सुरू झालं की इथं सांगजा.

रात्रपाळी | 11:25

दादा, तुमची अडचण वेगळी दिसते. मोबाईलवर दुसरी कुठली साइट उघडते का बघा. तीही उघडत नसेल तर नेट गेलंय, आणि मग यांचं सुरू होऊन तुमचं होणार नाही.

पण काटेकरी, यांच्यासारखंच तुमच्या जिनवाल्यांनाही वाटत असणार. "तुमच्या इंटरनेटचा दोष नाही, राउटर किंवा सिम बदलू नका" ही ओळ घाला.

मुनीम_वणी | 11:27

मी जिनमध्ये काट्यावर बसतो, सॉफ्टवेअर दुसरं आहे. "हाताने पावती करावी" एवढ्यानं भागत नाही भाऊ. ज्या गाड्या 10:35 च्या आधी भरलेल्या मोजून आत गेल्या, त्या आता खाली होऊन परत काट्यावर येऊन राहिल्या असतील. त्यांचं भरलेलं वजन तुमच्या सर्व्हरमध्ये अडकलं. शेतकऱ्याजवळ पहिल्या वजनाची चिठ्ठी असते का?

काटेकरी_हिंगणघाट | 11:29

असते, पहिल्या काट्याला छोटी चिठ्ठी छापून निघते. हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. एका ग्राहकाला फोन करून विचारलं, त्यांच्या आवारात अशा गाड्या उभ्या आहेत. चिठ्ठी बघून वजाबाकी करता येते, हे त्यांनी करून बघितलं. आत्ता हे टाकलं:

"आज 11:30 ची माहिती. पुढची माहिती 12:15 वाजता, नवीन काही नसले तरी.

सकाळी 10:35 पासून नोंद सेव्ह होत नाही आणि पावती निघत नाही. जुन्या नोंदी व हिशेबही उघडत नाहीत. काट्याचे वजन स्क्रीनवर बरोबर दिसत आहे, खरेदी चालू ठेवता येईल. तुमच्या इंटरनेटचा दोष नाही, राउटर किंवा सिम बदलू नका.

नवीन गाडी: छापील पावती पुस्तकात शेतकऱ्याचे नाव, गाव, गाडी नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, ओलावा आणि दोन्ही वजनांची वेळ लिहा. पावती क्रमांकाआधी 'ह' लावा.

10:35 आधी मोजलेली गाडी: शेतकऱ्याकडची पहिली चिठ्ठी घेऊन तिच्यावरचे भरलेले वजन वापरा. चिठ्ठी हरवली असेल तर अंदाजे वजन लिहू नका. आम्हाला फोन करा.

'सेव्ह' पुन्हा पुन्हा दाबू नका. सॉफ्टवेअर काढून परत टाकू नका. सेवा कधी सुरू होईल हे आत्ता सांगता येत नाही."

रात्रपाळी | 11:36

चांगलं झालं. 'ह' लावल्यामुळे नंतर हाताच्या पावत्या सर्व्हरच्या क्रमांकाला धडकणार नाहीत. एक शंका आहे. 10:35 ते 10:50 मध्ये ज्यांनी चार-पाच वेळा 'सेव्ह' दाबलं, त्यांच्या नोंदी सर्व्हरवर पोचल्या का? स्क्रीनवर चूक दिसली म्हणजे नोंद झालीच नाही असं नसतं. कधी नोंद होते आणि उत्तर तेवढं परत येत नाही.

काटेकरी_हिंगणघाट | 11:41

तेच कळत नाहीये. म्हणून "डेटा सुरक्षित आहे" असं नागपूरहून लिहायला सांगत होते ते मी टाकलं नाही.

नेटवर्क_अमरावती | 11:44

पण डेटाबद्दल काहीच लिहिलं नाही तर लोक घाबरतील ना? निदान "डेटा सुरक्षित असावा" लिहा.

रात्रपाळी | 11:48

"असावा" वाचून मीच घाबरेन. "10:35 च्या पुढच्या नोंदी तपासून सांगू, तोवर त्या गाड्यांचे पैसे देताना हातातली पावतीच धरा" असं 12:15 ला टाका. आणि चालू झाल्यावर लगेच `Resolved` करू नका. आधी `Monitoring` वर ठेवा आणि एखाद्या जिनमधून खरी गाडी दोन्ही वजनांसकट पार होऊ द्या.

मुनीम_वणी | 11:52

मग हाताच्या पावत्या कॉम्प्युटरात कोण टाकणार, तुम्ही की जिनवाला? आणि वेळ कोणती धरायची, गाडी मोजल्याची की टाइप केल्याची? आमच्याकडे मागं यावरूनच भांडण झालं होतं.

काटेकरी_हिंगणघाट | 11:57

वेळ गाडी मोजल्याचीच, म्हणूनच पुस्तकात ती लिहायला सांगितली. टाकणार कोण हे नागपूरला विचारलंय, उत्तर यायचंय. 12:15 चा मजकूर लिहायला घेतो.