कळीच्या मुद्द्याआधी पॉज स्लाइड: वाचकाला उसंत, की निसटायला वाट?

मांजराकाठ, लातूर
घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासायची, यावर इन्स्टासाठी नऊ स्लाइडचं कॅरोसेल करतोय. एक भरगच्च, एक हलकी अशी आलटून-पालटून मांडणी आहे, कच्च्या स्लाइड सोबत जोडल्या आहेत. किती दाणे उगवले तर एकरी किती बियाणं, हा मुख्य मुद्दा आठव्या स्लाइडवर येतो. त्याआधी सातवीवर फक्त ओल्या गोणपाटाचा फोटो आहे, अक्षर एक नाही. सोबतचा म्हणतो, ही काढ, लोक इथंच सोडून जातील. ठेवू की काढू?

गोदाथडी, नांदेड
काढा. प्रत्येक सरकवण्याला वाचकाचे कष्ट पडतात. सहा वेळा बोट फिरवून आलेल्या माणसाला सातवीवर काहीच मिळालं नाही, तर सातव्यांदा तो का सरकवेल? दुसरं, शिवारात रेंज किती असते ते तुम्हाला ठाऊक आहे. अंधुक फोटो आणि त्यावर अक्षर नाही, म्हणजे स्लाइड उघडलीच नाही असं वाटतं. तो थोडा वेळ बघतो आणि बंद करतो.

अक्षरजुळणी, छत्रपती संभाजीनगर
गोदाथडी भाऊंचा दुसरा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, पण त्यावरचा उपाय स्लाइड काढणं नाही. बाकीच्या स्लाइडवर वर जी रंगाची पट्टी आणि "७/९" असा आकडा आहे, तो पॉज स्लाइडवरही तसाच राहू द्या. पट्टी दिसली की स्लाइड उघडली हे कळतं. फोटो दिवसाउजेडी काढलेला घ्या. गडद सपाट रंग टाळा, अपलोड करताना फोटो दाबला जातो आणि त्या रंगात पट्टे उमटतात.

आता ती का हवी ते सांगते. चौथ्या स्लाइडवर कृती आहे: प्रत्येक पोत्यातून थोडे दाणे घ्या, त्यातले न निवडता १०० मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहा, सहाव्या-सातव्या दिवशी उघडा. सहावीवर कोणता कोंब धरायचा आणि कोणता सोडायचा ते आहे. एवढं वाचेपर्यंत माणूस ओळी भराभर चाळायला लागलेला असतो. त्याच वेगात आठवी आली तर बियाणं किती ते ठरवणारे ७० आणि ६० हे आकडेही तो चाळून जातो, आणि सगळं कॅरोसेल तर त्या दोन आकड्यांसाठीच आहे. पॉज स्लाइड तो वेग मोडते.

पण नुसतं मोकळं गोणपाट वेग मोडत नाही, तिथं लक्षच तुटतं. उघडलेल्या गोणपाटाचा वरून काढलेला फोटो घ्या, दहा ओळी स्पष्ट, काही दाणे उगवलेले, काही कुजलेले. त्यावर तीनच शब्द: "आता मोजा. किती?" प्रश्न मनात राहतो, म्हणून बोट पुढं जातं.

तेरणामाय, धाराशिव
ताई, मग नियमच पक्का करा ना. सम आकड्याच्या स्लाइड भरगच्च, विषम हलक्या. भरगच्च म्हणजे चाळीसेक शब्द, हलकी म्हणजे दहाच्या आत. आणि पॉज एक कशाला, चौथीच्या आधी पण एक टाका.

अक्षरजुळणी
शब्दांचा अंदाज चांगला आहे दादा. मराठीत चाळीसच्या पुढं गेलं की अक्षर बारीक करावं लागतं. १०८० बाय १३५० च्या स्लाइडवर ४० पिक्सेलच्या खाली उतरलं की वेलांट्या, रफार आणि अनुस्वार ओळखू येत नाहीत. ओळींमधलं अंतरही अक्षराच्या दीडपट हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो.

सम-विषम मात्र नको. या मांडणीतली पाचवी बघा: "सहा दिवस थांबा" आणि घड्याळाचं चित्र. हा मजकूर चौथीवरच आहे, ही फक्त पाळी भरायला घातलेली दिसते. हलकी स्लाइड आधीच्या भरगच्चचं चित्र व्हायला हवी. पाचवीवर गुंडाळी कशी दिसते तो फोटो द्या, म्हणजे चौथीतला न समजलेला भाग तिथं उलगडेल.

आणि नियमाप्रमाणे आठवी भरगच्च येते, तीच चूक आहे. पॉजनंतरची स्लाइड सगळ्यात हलकी हवी. आत्ता तिच्यावर ७० पासून ६० पर्यंतचा अख्खा तक्ता आहे. तिथं दोनच ओळी ठेवा: "७० किंवा जास्त उगवले? एकरी ३० किलो. ६० च्या खाली? ते बियाणं पेरू नका." तक्ता नववीवर न्या: ७० च्या खाली प्रत्येक दाण्यामागं अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६४ उगवले तर ३३ किलो. सातवी हलकी, आठवी हलकी, नववी भरगच्च. पाळी मोडली, मोडू द्या.

दोन पॉज टाकले तर दुसऱ्याला वजन राहत नाही. नऊ स्लाइडमध्ये एकच पुरे.

कयाधू, हिंगोली
ती पॉज स्लाइड किती सेकंद ठेवायची? मी तीन ठेवतो, गाणं पण तिथंच हळू करतो.

मांजराकाठ
भाऊ, तुम्ही रीलचं म्हणताय. इथं स्लाइड वाचकाच्या बोटानं सरकते, सेकंद आपल्या हातात नाहीत.

जालना मोंढा
आमचं सगळं वाचन व्हॉट्सअपवर. नऊ फोटो एकदम टाकले की गटात चारच चौकोन दिसतात, चौथ्यावर उरलेल्यांचा आकडा. लोक पुढं पाठवतात ते पण एखादाच फोटो. तिथं तुमचा पॉज काय कामाचा? "आता मोजा. किती?" एवढंच कुणाला गेलं तर तो विचारील, काय मोजू?

अक्षरजुळणी
बरोबर आहे, तिथं तो काढाच. व्हॉट्सअपसाठी चौथी, आठवी आणि नववी एवढ्याच तीन पाठवा, आणि तिन्हींवर "सोयाबीन उगवण तपासणी" हे नाव असू द्या. सुटा फोटो पुढं गेला तरी अर्थ लागला पाहिजे.

गोदाथडी
प्रश्न ठेवलेला फोटो मला पटला, कोरा नाही पटणार. पण लोक सोडून जात नाहीत हे कशावरून? मे अखेरीस टाकलेलं आणि पाऊस पडल्यावर टाकलेलं, दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. पेरणी तोंडावर आली की कसंही कॅरोसेल वाचतात.

अक्षरजुळणी
म्हणून मी सेव्हच्या आकड्यावर जात नाही. पाच जणांच्या हातात फोन द्या, बोलू नका, अंगठा बघा. सातवीवर थांबून आठवीवर गेला तर ठीक. आठवीवरून मागं सहावीकडं आला तर सहावीचा मजकूर कमी करा. शेवटी एकच विचारा: "६४ उगवले तर किती किलो?" उत्तर आलं नाही तर नववीचा तक्ता बदला.

गोदाथडी
तुम्ही समोर बसून फोन दिलात तर माणूस भिडेपोटी शेवटपर्यंत जाणारच. कळलं का ते समजेल, सोडून गेला असता का ते नाही समजणार.

अक्षरजुळणी
हे मान्य. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

मांजराकाठ
मग असं करतो. सातवी राहील, पट्टी, आकडा आणि प्रश्नासह. आठवी दोन ओळींची, तक्ता नववीवर. गोणपाटाचा जुना फोटो ओला-काळा आहे, तो बाद. नवे १०० दाणे उद्या सकाळी मांडतो, सहाव्या दिवशी उन्हं चढायच्या आत फोटो काढतो.

तेरणामाय
कुजलेले दाणे काढून टाकू नका फोटोआधी, नाहीतर मोजणी चुकेल.